समोरचा वारा आणि जाण्या-येण्याचा सरासरी वेग

एकाच रस्त्याने ठरावीक अंतर जाऊन त्याच रस्त्याने परत आल्यास, एका दिशेने समोरून लागणारा वारा जेवढा वेळ खातो तेवढा वेळ दुसऱ्या दिशेने पाठीवरचा वारा परत देत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी संपूर्ण फेरीचा सरासरी वेग वारा नसतानाच्या वेगापेक्षा कमी भरतो. सायकलस्वारांना आणि धावपटूंना हा अनुभव नेहमीचा आहे, पण तूट किती येते आणि का येते याबद्दल गैरसमज बरेच आहेत.

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. जातानाचा वेग a आणि येतानाचा b असेल, आणि दोन्ही अंतरे सारखी असतील, तर सरासरी वेग 2ab ÷ (a + b) इतका येतो. गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात. दोन वेग वेगळे असले की तो साध्या सरासरीपेक्षा कमीच असतो, कारण मंद वेगाने कापलेल्या अंतरात स्वार जास्त वेळ असतो. दोन्ही टप्प्यांचे वेग वहीत लिहून त्यांची बेरीज करून दोनाने भागणे ही इथली सर्रास होणारी चूक आहे. सायकलच्या कॉम्प्युटरवरचा आकडा आपल्या हिशेबापेक्षा कमी दिसला तर बहुतेक वेळा हेच झालेले असते.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवणपर्यंत जाऊन परत येण्याचे उदाहरण घेऊ. एका बाजूचे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे आणि रस्ता ढोबळमानाने पूर्व-आग्नेयेला जातो. पावसाळ्यात पठारावर वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे जाताना तो पाठीवर आणि येताना तोंडावर लागतो. सायकल आणि सामान धरून ८५ किलो वजनाचा, आरामात सरळ बसून चालवणारा स्वार पायांनी सतत १०० वॅट शक्ती लावतो असे धरू. रस्ता सपाट मानला आणि हवेचा व टायरचा नेहमीचा विरोध धरला, तर वारा नसताना त्याचा वेग ताशी साधारण २५.४ किलोमीटर येतो. दोनशे किलोमीटरना त्याला ७ तास ५२ मिनिटे लागतील.

आता स्वाराच्या उंचीवर ताशी ११ किलोमीटरचा वारा सुटला. तीच शक्ती लावून जातानाचा वेग सुमारे ३२.१ होतो आणि येतानाचा १९.६. जायला ३ तास ७ मिनिटे, यायला ५ तास ६ मिनिटे, एकूण ८ तास १३ मिनिटे. सरासरी वेग ताशी २४.३ किलोमीटर. वाऱ्याने जाताना जवळजवळ सात किलोमीटरचा वेग वाढवला आणि येताना सहाच्या आसपास कमी केला, म्हणजे दिले जास्त आणि घेतले कमी. तरीही फेरीला २१ मिनिटे जास्त लागली. पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा तीन तास मिळाला, समोरच्या वाऱ्याचा त्रास पाच तास झाला.

पाठ्यपुस्तकांत हाच प्रश्न नदीतल्या नावेचा म्हणून येतो. तिथे प्रवाहाचा वेग नावेच्या वेगात सरळ मिळवतात किंवा वजा करतात. ती रीत सायकलला लावली तर जाताना ३६.४, येताना १४.४ आणि एकूण वेळ साडेनऊ तासांच्या वर जातो. ही चूक लहान नाही. नाव पाण्यालाच मागे रेटून पुढे जाते, विमान हवेला रेटते. म्हणून माध्यम हलले की तेही त्याच्याबरोबर हलतात. सायकल मात्र रस्त्याला रेटते. वारा तिला वाहून नेत नाही, फक्त विरोध कमी-जास्त करतो. समोरचा वारा आला की स्वार मंदावतो, मंदावल्यामुळे हवेचा रोध थोडा उतरतो आणि तीच शक्ती जरा कमी वेगाला पुरते. त्यामुळे ताशी ११ किलोमीटरचा वारा सहाच किलोमीटर वेग खातो. टायरच्या घर्षणावर तर वाऱ्याचा काहीच परिणाम होत नाही.

हा वारा जाताना ओळखू येत नाही. बत्तीसच्या वेगाने पळणाऱ्या स्वाराच्या पाठीशी अकराचा वारा असला तरी त्याच्या तोंडावर एकवीसची हवा लागतच असते. वारा नसताना पंचवीसची लागते, म्हणजे त्याला फक्त हवा जरा मऊ वाटते आणि आज पाय छान चाललेत असे वाटते. यवत, पाटस मागे पडतात. परतताना मात्र तोंडावर तिसाची हवा येते. म्हणून निघताना स्वतःच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये. उसाची पाती कुठे झुकलीत, ढाब्याचा झेंडा कुठल्या बाजूला फडकतोय ते पाहावे. हवामान खात्याचा आकडाही जसाच्या तसा घेता येत नाही. तो १० मीटर उंचीवरचा असतो आणि जमिनीजवळ, झाडे-घरे आड आली की, वारा त्याहून बराच कमी असतो.

शक्ती दोन्ही बाजूंना समान ठेवण्याऐवजी समोरच्या वाऱ्यात थोडी जास्त आणि पाठीवरच्या वाऱ्यात थोडी कमी लावली तर तूट काहीशी भरून निघते. वरच्या उदाहरणात जाताना ९० आणि येताना ११० वॅट लावले तर एकूण वेळ सुमारे ८ तास ६ मिनिटे येतो. सात मिनिटे वाचतात, पण ती अगदी फुकट नसतात. ११० वॅट जवळजवळ पाच तास लावावे लागतात आणि सरासरी शक्तीही थोडी वाढते. दमलेल्या पायांनी हे जमेल की नाही हे जातानाच्या संयमावर ठरते.

बीआरएम म्हणजे ब्रेव्हे प्रकारच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांमध्ये वाऱ्याचा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. २०० किलोमीटरची मुदत साडेतेरा तासांची असते आणि वाटेतल्या चौक्या ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने बंद होतात; १०० किलोमीटरवरची चौकी ६ तास ४० मिनिटांनी. वारा जातानाच समोर असेल तर मंद स्वाराला आधी ही चौकी गाठण्याची चिंता असते, येताना कितीही वेळ मिळणार असला तरी. वारा येताना समोर असेल तर चौकी सहज गाठली जाते, पण परतीच्या वेळेचा हिशेब चुकतो.

वारा पूर्ण आडवा असेल तर दोन्ही दिशांना थोडा तोटाच होतो, कारण स्वाराला लागणारी एकूण हवा वाढते. आणि दुपारी वाऱ्याने दिशा बदलली तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. एखाद्याला दोन्ही वेळा समोरचा वारा मिळू शकतो.

धावण्यात वेग कमी असल्याने हवेचा वाटा सायकलिंगपेक्षा खूपच लहान असतो, पण असमानता तिथेही आहे. पाठीवरचा वारा धावपटूला जेवढे देतो त्याहून समोरचा वारा जास्त घेतो. संपूर्ण शर्यत पाठीवरच्या वाऱ्यावर धावता येऊ नये म्हणून रस्त्यावरच्या शर्यतींच्या विक्रमासाठी सुरुवात आणि शेवट यांतले सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त असू नये असा नियम आहे. २०११ साली बोस्टन मॅरेथॉन जेफ्री मुताई यांनी २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत जिंकली. ही वेळ तेव्हाच्या २:०३:५९ या विश्वविक्रमाहून चांगली होती, पण विक्रम म्हणून धरली गेली नाही. बोस्टनचा मार्ग एका गावातून निघून दुसरीकडे संपतो, तो उतरताही आहे, आणि त्या दिवशी वारा पाठीवर होता. जाऊन परत येणाऱ्या मार्गावर असा वारा संपूर्ण शर्यतभर पाठीशी राहिला नसता.