खाका, ठाई आणि पन्नास मिलिसेकंद

न्यू जर्सीतल्या आमच्या बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर रोज एक सामना रंगतो. ती म्हणते, "चला, पार्कला जाऊ." लेक लगेच भुंकून दाखवते, कारण तिच्या कानावर 'बार्क' पडतं. मग बहीण उट्टं काढते: "आणि तू काकाला काय म्हणतेस गं? खाका!"

गंमत अशी, की दोघींचेही कान बरोबर आहेत.

'प' म्हणताना आधी ओठ मिटतात, मग उघडतात. ओठ उघडल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत जो वेळ जातो, त्यावर सगळा खेळ आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये तो मोजला. त्यांत मराठीही होती. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या 'प' मध्ये हा वेळ सरासरी ५८ मिलिसेकंद भरला, 'क' मध्ये ८०. तेवढ्या वेळात नुसती हवा बाहेर पडते. आपल्या 'प' मध्ये मात्र कंप जवळजवळ लगेच सुरू होतो.

इंग्रजी कान साधारण २५ मिलिसेकंदांच्या अलीकडे 'ब' ऐकतो, पलीकडे 'प'. त्यामुळे बहिणीचा 'पार्क' अलीकडच्या बाजूला पडतो. उलट लेकीच्या 'काका' तली हवा आपल्याला सरळ 'ख' वाटते. शाळेत अल्पप्राण-महाप्राण पाठ केलेलं असतं ना, तेच हे. इंग्रजीतही दोन्ही उच्चार आहेत, पण त्यांनी शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून तिकडे कोणी लक्ष देत नाही.

वाक्यात हे खपून जातं, कारण संदर्भ सावरून घेतो. नावाला संदर्भ नसतो. म्हणून कॉफीच्या दुकानात 'पराग' सांगितलं की कपावर 'Barag' येतं आणि ऑफिसात आठवडाभर तेच नाव चालतं.

खात्री करायची असेल तर कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा. बहिणीच्या 'पार्क' ला ती जेमतेम हलते, लेकीच्या 'पार्क' ला फडफडते. पण लेकीने 'स्पार्क' म्हटलं की पट्टी गप्प! इंग्रजीत 'स' च्या नंतर आलेल्या 'प' आणि 'क' मधली हवा जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे मराठी 'क' तिच्या तोंडात आधीपासूनच आहे. बहिणीने तिला 'स्काय' म्हणायला लावलं, मग 'स' मनातल्या मनात म्हणून उरलेलं मोठ्याने. स्वच्छ 'काय' आलं! त्याच वाटेने काकाही सुधारला.

थोरल्या लेकीला ती 'ताई' म्हणते, तिथे मात्र ही युक्ती पुरली नाही. इंग्रजीत जीभ दातांना न टेकता वर हिरडीला टेकते, त्यामुळे 'स' काढून हवा गेली, पण 'त' आला नाही. 'ठाई' ची 'टाई' झाली, आणि थोरली लेक सध्या ऑफिसला निघालेल्या बाबांच्या गळ्याकडे बोट दाखवत असते.