पहिल्या वेढ्यापुरता बर्फ

फ्रीझरच्या नळीच्या पहिल्या एक-दोन वेढ्यांवर जाड पांढरा बर्फ आणि पुढचे सगळे वेढे कोरडे दिसले, की बहुतेक जण म्हणतात, "गॅस कमी झालाय." अनेकदा ते खरंही असतं. पण कॅपिलरी अर्धवट चोक झाली तरी फ्रीझर हुबेहूब असाच दिसतो, आणि तेव्हा गॅस भरून काही साधत नाही.

कॅपिलरी म्हणजे दोन-तीन मीटर लांब तांब्याची नळी. आतलं भोक जेमतेम 0.7 मिलिमीटरचं. कंडेन्सरमध्ये द्रव झालेला गॅस तिच्यातून जाताना त्याचा दाब उतरतो आणि फ्रीझरच्या नळीत तो उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो फ्रीझरमधून ओढून घेतो. थंडावा येतो तो या उकळण्यातून, म्हणून द्रव शेवटच्या वेढ्यापर्यंत पुरला पाहिजे.

भोकात कचरा अडकला की द्रव थोडाच येतो आणि पहिल्या वेढ्यांतच संपतो. पुढे नुसती वाफ वाहते, ती फारशी उष्णता घेऊ शकत नाही. इकडे कॉम्प्रेसर ओढतच असतो, त्यामुळे नळीतला दाब नेहमीपेक्षा खाली जातो. दाब घटला की उत्कलनबिंदूही घटतो, म्हणून तो पहिला वेढा निरोगी फ्रीजपेक्षाही थंड असतो. थंडी कडक, पण वीतभर जागेत. आतलं तापमान उतरत नाही आणि कॉम्प्रेसर थांबत नाही.

मग गळती की चोक, हे ओळखायचं कसं? मी पाहिलेल्या एका आर-134ए गॅसच्या फ्रीजमध्ये चालू असताना सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूच्या दाबाचा, काटा शून्याखाली, व्हॅक्यूममध्ये होता. गळतीतही तो असाच पडतो. फ्रीज बंद केला. एरवी पाचेक मिनिटांत कॅपिलरीच्या दोन्ही बाजूंचे दाब बरोबरीला येतात. इथे पंधरा मिनिटांनंतरही काटा सावकाश चढतच होता. फ्रीझर खोलीइतका कोमट झाल्यावर काटा थांबला, तो पूर्ण गॅस असलेल्या फ्रीजमध्ये थांबतो तिथेच. गॅस पुरेसा होता, फक्त कंडेन्सरमध्ये अडून बसला होता. त्यात आणखी भरला असता तर फक्त कंडेन्सरचा दाब वाढला असता. (आर-600ए हा दुसरा गॅस असलेला फ्रीज ठीक असतानाही व्हॅक्यूममध्ये चालू शकतो, त्यामुळे तिथे नुसत्या सक्शनच्या काट्यावरून निदान करू नये.)

कॅपिलरी कापून पाहिली तर ड्रायरकडच्या, म्हणजे तिच्याआधी ओलावा आणि कचरा अडवणाऱ्या गाळणीकडच्या, टोकाशी काळी पूड होती. असा काळा थर नळीत नायट्रोजन न सोडता ब्रेझिंग केल्यावर, म्हणजे ज्योतीने तापवून जोड दिल्यावर, तांब्यावर आतून धरतो. ओलाव्याचा चोक वेगळा: तो कॅपिलरीच्या फ्रीझरकडच्या टोकाशी गोठतो, आणि तिथे गरम फडकं धरलं की गॅसची फुसफुस पुन्हा ऐकू येते. इथे फडक्याने काही फरक पडला नव्हता. म्हणून ड्रायर आणि कॅपिलरी दोन्ही बदलल्या, त्याच भोकाची, त्याच लांबीची नळी घालून. लांबी चुकली असती तर गॅसचा प्रवाहच बदलला असता.