निघण्याच्या आठ दिवस आधी बॅटरीचे तीन आकडे

दिवाळीच्या सुट्टीत दादा-वहिनी मुलांना घेऊन म्हापशाहून कोल्हापूरला निघणार होते, बांदा, सावंतवाडी, आंबोली असा रस्ता. आठ दिवस आधी सकाळी सेल्फ मारला तर नुसतीच कट-कट. दुसऱ्या खेपेला कशीबशी गाडी सुरू झाली. एका गॅरेजात न तपासताच सांगितलं, "बॅटरी गेली, नवी टाका." दादाने मला फोन केला आणि मी मल्टीमीटर घेऊन गेलो. साधा मल्टीमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. डीसीच्या २० व्होल्टच्या खुणेवर ठेवला की आपलं काम भागतं.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली न लावता घ्यायचा. बॅटरीत सहा कप्पे असतात आणि भरलेला प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी रिकामी. गाडी चालवून आल्या आल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो, त्यावर विश्वास ठेवू नये.

पावसाळ्यात गाडी अंगणात उभीच असेल तर हा आकडा हमखास खाली आलेला दिसतो. अलार्म, घड्याळ, लॉक यांना बंद गाडीतही थोडा करंट लागतो. तो ५० मिलीअँपिअर धरला तर दोन आठवड्यांत जवळजवळ १७ अँपिअर-तास जातात, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ची. मग घर ते बाजार अशा दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी ती भरून निघत नाही. बॅटरी सावकाशच चार्ज घेते, त्यामुळे अशा वेळी चार्जर रात्रभर लावणंच बरं.

दादाच्या गाडीचा पहिला आकडा १२.५ आला. म्हणजे बॅटरी भरलेली होती, तरी सेल्फ ओढत नव्हता. आता दुसरा आकडा. वहिनी किल्ली फिरवणार आणि मी मीटरकडे बघणार. सेल्फ त्या क्षणी शंभर-दीडशे अँपिअर खेचतो, त्यामुळे व्होल्टेज खाली येणारच, पण ते साधारण ९.६च्या खाली जाऊ नये. मीटरच्या सुया तारांच्या क्लॅम्पवर टेकवल्या तर आकडा आला ८.८. त्याच सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवून पुन्हा सेल्फ मारायला सांगितला, तर १०.१!

बॅटरी ठीक होती. खुंटी आणि क्लॅम्प यांच्या मध्येच १.३ व्होल्ट हरवत होते. पॉझिटिव्ह खुंटीभोवती हिरवट-पांढरी पूड साचली होती. बॅटरीतून निसटणारी आम्लाची वाफ धातूवर बसून ही पूड होते, आणि आपल्याकडची खारी, दमट हवा त्या गंजाला हातभार लावते. पुडीचा रोध ओहमचा शंभरावा भाग इतका क्षुल्लक असला, तरी १३० अँपिअरला तेवढ्यानेही १.३ व्होल्ट जातात. हेडलाइटला जेमतेम नऊ-दहा अँपिअर लागतात, म्हणून दिवे मात्र झकास पेटत होते. फसगत होते ती इथेच.

सफाईला घरातलंच सामान पुरलं. इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढला. क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासलं, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं केलं. कप्प्यांची झाकणं मात्र घट्ट बंद हवीत, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. मग आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह घट्ट आवळून वर व्हॅसलीनचा हात फिरवला. हातमोजे आणि चष्मा घालाच, कारण ती पूड डोळ्यांत जाणं वाईट. पुन्हा सेल्फ मारला तेव्हा क्लॅम्पवर ९.९ आणि खुंट्यांवर १०.० होते. नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना. अल्टरनेटर नीट चार्ज करत असेल तर १३.८ ते १४.५च्या दरम्यान दिसतो. दादाकडे १४.२ होता, आणि हेडलाइट, एसीचा पंखा लावल्यावर १३.७. इथे १२.५ किंवा त्याहून कमी दिसलं तर बेल्ट सैल आहे का, अल्टरनेटर गेला आहे का, हे बघायला हवं, आणि १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात. त्यांचा आकडा एकदा बघून निकाल देऊ नये, दिवे लावून थोडा वेळ बघावं.

हा तिसरा आकडा मी कधीच सोडत नाही. सेल्फ बिघडला तर गाडी घरीच अडते, अल्टरनेटर बिघडला तर गाडी घाटात थांबते. वाटेत डॅशवर लाल बॅटरीचा दिवा पेटला, की पुढचा सगळा प्रवास एकट्या बॅटरीवर. दिवे, पंखा, इंधनपंप मिळून पंचवीस-तीस अँपिअर खात असतील तर ३५ची बॅटरी जेमतेम तासभर पुरते. अशा वेळी एसी आणि म्युझिक लगेच बंद करा, पण इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही. सावंतवाडी सोडण्याआधी दिवा दिसला तर घाट चढू नका, गावातच मेकॅनिक गाठा. आणि दिव्याबरोबर इंजिन तापल्याचा काटाही चढू लागला तर मात्र लगेच कडेला थांबून इंजिन बंद करा. काही गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात, आणि तो बेल्टच तुटलेला असू शकतो.