नोटा दीडपटही नाहीत, डॉलर मात्र साडेतीनपट

खानापूर-निपाणीकडच्या ज्या घरांतला मुलगा दुबईला किंवा मस्कतला आहे, तिथे डॉलर वर गेला की दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. पैसे पाठवणाऱ्याचा फायदा झाला म्हणून बरे वाटते आणि रुपयाचे आता काय होणार म्हणून काळजीही वाटते. ही काळजी कितपत खरी, हे कळायला एक हिशेब उपयोगी पडतो. १९८० च्या सुमारास एका डॉलरला जवळपास ८ रुपये पडत. ते ८० च्या पुढे जायला चाळीस वर्षे लागली. जर्मनीत १९२२ च्या जूनमध्ये डॉलर सरासरी ३१७ मार्कांना मिळत होता आणि ऑगस्टमध्ये तो ११३५ वर गेला. दोन महिन्यांत साडेतीन पटींहून जास्त.

सरकारने नोटा छापल्या म्हणून असे झाले, हे उत्तर आपण शाळेपासून ऐकतो आणि ते खोटे नाही. पण त्याच दोन महिन्यांत चलनातल्या जर्मन नोटा साधारण १६९ अब्ज मार्कांवरून २३८ अब्जांवर गेल्या, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढल्या. नोटा दीडपटही झाल्या नाहीत आणि डॉलर साडेतीनपट महाग झाला. मधली ही दरी कशाने भरली, हे समजले की चलन कसे कोसळते ते समजते.

समजा, सगळ्या गावाची सवय महिनाभराचा खर्च नोटांत ठेवण्याची आहे. उद्या नोटेची किंमत उतरणार असे वाटू लागले की लोक आठवड्यापुरत्याच नोटा ठेवतात आणि उरलेल्यांचे तांदूळ, तेल, सोने, जे मिळेल ते घेऊन ठेवतात. नवी एकही नोट छापली नाही तरी त्याच नोटा आता चौपट वेगाने हातोहात फिरतात आणि भाव चौपटीकडे सरकतात. नोटा किती आहेत याच्याइतकेच त्या जवळ ठेवायला किती लोक तयार आहेत, यावर भाव ठरतो. जर्मनीत त्या उन्हाळ्यात नेमकी ही तयारी संपली. पहिल्या महायुद्धाची भरपाई विजेत्या देशांना सोन्यात किंवा परकी चलनात द्यायची होती आणि त्यासाठी बाहेरून मोठे कर्ज मिळेल ही आशा जूनमध्ये मावळली. २४ जूनला परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची हत्या झाली. सरकारला आता छापखान्याशिवाय आधार नाही, असे लोकांनी ताडले आणि उद्याच्या नोटांचा धसका आजच्या दरात उतरला.

डॉलरचा भाव इतक्या झपाट्याने का वाढतो, हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीवाल्याला चटकन कळेल. आपले चलन असे घसरते आहे अशी कल्पना करा. त्याने पंपाचे कास्टिंग परदेशी पाठवले आहे आणि दहा हजार डॉलर येणे आहेत. एरवी पैसे आले की तो ते लगेच रुपयांत बदलून घेतो. आता मात्र तो शनिवारच्या पगारापुरतेच बदलतो आणि बाकीचे बाहेरच्या बँकेत राहू देतो, कारण पुढच्या आठवड्यात त्याच डॉलरचे जास्त रुपये येणार. त्याच वेळी ज्याला परदेशी माल आणायचा आहे तो महिन्याभराचे डॉलर आजच घ्यायला धावतो. विकणारा हात आखडतो, घेणारा घाई करतो आणि ज्याच्याकडे थोडी शिल्लक आहे असा प्रत्येक जण त्याच रांगेत उभा राहतो. बाजारात येणारे डॉलर कमी आणि मागणारे जास्त, म्हणून दर नोटांच्या पुढे पळतो. यात कोणी देशद्रोही असावा लागत नाही. प्रत्येक जण आपल्या कुटुंबाची पुंजी वाचवत असतो, आणि सगळ्यांच्या या वाचवण्यानेच चलन आणखी खाली जाते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात दुःखाची गोष्ट हीच.

ज्याने आयुष्यात डॉलर पाहिलेला नाही, तोही यातून सुटत नाही. निपाणीच्या तंबाखू उत्पादकाने माल उधारीवर दिला आणि पैसे तीन महिन्यांनी घ्यायचे ठरले, तर असल्या काळात त्याच्या हाती फक्त कागद येईल. म्हणून पुढच्या हंगामात तो भाव सोन्यात किंवा डॉलरमध्ये सांगेल. जर्मनीत पुढे रोजच्या विक्रीपर्यंत हे पोचले. पुस्तकविक्रेत्यांनी प्रत्येक पुस्तकाला एक स्थिर मूळ आकडा दिला आणि त्याला गुणायचा दुसरा आकडा वेळोवेळी जाहीर होऊ लागला. आपल्याकडे सराफ फळ्यावर आजचा दर लिहितो आणि दागिन्याच्या वजनाला त्याने गुणतो, तसेच सगळे दुकान चालू लागले. एकदा असे झाले की डॉलर हलला की भाव त्याच दिवशी हलतो. सरकारची गोची याहून मोठी होते. कर आकारणी आज होते आणि भरणा काही महिन्यांनी, तोवर त्या रकमेला अर्थ उरत नाही. तूट वाढते आणि ती भरायला आणखी छपाई होते. १९२३ च्या जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमने रूर खोरे ताब्यात घेतले, त्याविरुद्ध संपावर गेलेल्या तिथल्या कामगारांना सरकारने छापील नोटांतून पगार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये डॉलर ४ लाख २० हजार कोटी मार्कांवर पोचला.

मग ते थांबले कसे? १५ नोव्हेंबर १९२३ ला रेंटेनमार्क नावाचे नवे चलन आले. एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क असा भाव ठरला. त्याच्यामागे शेती आणि उद्योगांवरचा बोजा तारण आहे असे सांगितले गेले, पण नोट देऊन कोणाला जमीन मिळणार नव्हती. खरे बळ मर्यादेत होते. एकूण ३२० कोटी रेंटेनमार्क काढायचे आणि त्यातले सरकारला कर्जाऊ १२० कोटीच. डिसेंबरमध्ये सरकारने वाढीव कर्ज मागितले आणि हे चलन काढणाऱ्या बँकेने नकार दिला. याच काळात हजारो सरकारी नोकऱ्या कमी झाल्या आणि कर सोन्याच्या हिशेबाने घेतले जाऊ लागले.

पुढचा भाग अनेकांना उलटा वाटतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून वर्षअखेरीपर्यंत जुन्या मार्काच्या नोटाही कित्येक पटींनी वाढल्या, तरी डॉलर २० नोव्हेंबरपासून ४ लाख २० हजार कोटींवरच राहिला. लोकांनी पुन्हा महिन्याचा खर्च नोटांत ठेवायला सुरुवात केली होती. चलन टाकून पळणारे परत आले आणि त्यांना ठेवायला नोटा हव्या होत्या, म्हणून वाढलेली छपाई भावात न जाता खिशांत गेली. १९२२ च्या उन्हाळ्यात नोटा थोड्या वाढल्या तरी दर उसळला आणि १९२३ च्या हिवाळ्यात त्या भरमसाट वाढूनही दर हलला नाही, त्याचे कारण एकच आहे.

बुडालेली पुंजी मात्र यातून उभी राहिली नाही. १९२५ च्या कायद्याने घरजमिनीवर दिलेल्या जुन्या कर्जाची वसुली मूळ सोन्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्शापर्यंत मान्य केली. सरकारी युद्धरोखे नव्या रोख्यांत बदलून मिळाले ते शेकडा अडीचच्या दराने. ज्याने घरात नोटांची गड्डी जपून ठेवली होती त्याला एक लाख कोटींमागे एक मार्क मिळाला.