नळी काढण्याआधीची तीस मिनिटे

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे नातेवाईक रोज एकच विचारतात, “मशीन कधी निघणार?” अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे प्रश्न असतात. रुग्णाला यंत्राशिवाय श्वास घेता येईल का, हा पहिला. आणि घशातली नळी काढल्यावर श्वासाचा मार्ग मोकळा राहील का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणजे दुसऱ्याचेही तेच येईल, असे नसते. बहुतेक घोटाळा इथेच होतो.

समजा, न्यूमोनिया झालेली 66 वर्षांची एक स्त्री सहा दिवस व्हेंटिलेटरवर आहे आणि तिला रक्तदाबाचा जुना विकार आहे. आता ताप उतरला आहे, रक्तदाब टिकवणारे औषध बंद झाले आहे, तिला 40 टक्के प्राणवायू पुरतो आहे, गुंगीचे औषध कमी केल्यावर ती डोळे उघडते आणि सांगितल्यावर हात दाबते. मूळ आजार ओसरला आहे, म्हणून तिची ‘स्वतः श्वास घेण्याची चाचणी’ करायचे ठरते. नळी घशातच राहते. यंत्राचा आधार अगदी नाममात्र ठेवतात किंवा नळीला टी-पीस म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड लावून फक्त दमट प्राणवायू देतात आणि 30 मिनिटे ते दोन तास रुग्णाकडे बारकाईने पाहतात.

या काळात श्वासाची गती आणि प्रत्येक श्वासातली हवा यांवर विशेष लक्ष असते. थकत चाललेला माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो. यांग आणि टोबिन या संशोधकांनी 1991 साली यावरून एक साधा भागाकार सुचवला: मिनिटातल्या श्वासांची संख्या भागिले एका श्वासातली हवा, लिटरमध्ये. मिनिटाला 28 श्वास आणि दर श्वासाला 0.35 लिटर हवा असेल, तर उत्तर 80 येते. 36 श्वास आणि 0.25 लिटर असेल, तर 144. उत्तर 105 च्या वर गेले, तर चाचणी फसण्याची शक्यता बरीच असते. मात्र हा आकडा सुरुवातीच्या मिनिटांतला असतो, आणि त्यानंतर काय होईल हे तो सांगत नाही.

आपल्या रुग्णाचा आकडा सुरुवातीला 80 होता. पंचविसाव्या मिनिटाला तिला दरदरून घाम फुटला, श्वास 38 वर गेले, वरचा रक्तदाब 140 वरून 190 झाला आणि रक्तातल्या प्राणवायूची पातळी 89 टक्क्यांवर आली. चाचणी तिथेच थांबवून तिला पुन्हा यंत्राचा पूर्ण आधार दिला. ‘फुप्फुसे अजून कमजोर आहेत’ एवढा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते, पण इथे रक्तदाबाची उडी बोलकी आहे. यंत्र हवा आत ढकलते, तेव्हा छातीतला दाब वाढतो. स्वतः श्वास घेताना तो उणे होतो. त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त वाढते आणि डाव्या कप्प्याला ते पुढे ढकलायलाही जास्त जोर लागतो. रक्तदाबाने आधीच ताठर झालेल्या हृदयाला हे पेलवले नाही, तर फुप्फुसांत पाणी साठते. म्हणजे चाचणी श्वासाची होती, नापास झाले हृदय. सोनोग्राफीने याची खात्री करून घेतली आणि लघवी वाढवणारे औषध देऊन अंगातले जादा पाणी काढले. एक गोष्ट कटाक्षाने टाळली: त्याच दिवशी पुन्हा पुन्हा चाचणी घेणे. थकलेल्या स्नायूंना सावरायला साधारण 24 तास लागतात.

आठव्या दिवशी ती टी-पीसवर पूर्ण 30 मिनिटे शांत राहिली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

आता दुसरा प्रश्न. नळीच्या टोकाजवळ एक फुगा असतो. (त्याचे रूढ नाव ‘कफ’ आहे, पण मराठीत त्यामुळे भलताच गोंधळ होतो, म्हणून फुगाच म्हणू.) हा फुगा रिकामा केल्यावर श्वासातली काही हवा नळीच्या बाजूने निसटायला हवी. यंत्राने 450 मिलिलिटर हवा दिली आणि 410 परत आली. म्हणजे निसटली फक्त 40. साधारण 110 पेक्षा कमी हवा निसटली, तर स्वरयंत्राला सूज असल्याचा संशय घेतात. ही तपासणी फार भरवशाची नाही, गळती कमी असूनही कित्येकांना काहीच त्रास होत नाही. पण सुजेमुळे नळी काढताच घुर्र असा आवाज येऊन श्वास अडकू शकतो. म्हणून नळी काढण्याच्या किमान चार तास आधी स्टेरॉइड सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी नळी काढली. सूज आडवी आली नाही.

आडवा आला खोकला. श्वासमार्गातला स्राव घट्ट आणि भरपूर होता, दर तासाला सक्शन करावे लागत होते, आणि खोकल्यात तो बाहेर फेकण्याइतका जोर नव्हता. खोकण्याआधी खोल श्वास ओढणारा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल, आणि यंत्रामुळे ते निष्क्रिय राहिले की लवकर झिजते; 18 ते 69 तासांच्या पूर्ण निष्क्रियतेतही त्याचे तंतू बारीक झालेले दिसतात, असे 2008 सालच्या एका अभ्यासात आढळले. टी-पीसची चाचणी खोकल्याचा जोर तपासतच नाही, कारण तेव्हा नळी जागेवर असते आणि परिचारिका तिच्यातून स्राव ओढून काढत असते. तिसाव्या तासाला रुग्ण गुंगू लागली आणि नळी पुन्हा घालावी लागली.

चाचणी पास झालेल्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांवर ही वेळ येते. (हे प्रमाण शून्य असलेला विभाग मला उलट संशयास्पद वाटतो, तिथे बहुधा नळ्या उशिरा काढत असतील.) खरे नुकसान नळी पुन्हा घालण्यात टाळाटाळ केल्याने होते. नळी काढलेल्या रुग्णाचा श्वास बिघडल्यावर मास्कमधून यंत्राचा आधार देऊन वाट पाहण्याचा प्रयोग 2004 साली झाला. त्यात मास्कच्या गटात नळी घालायला साधारण 12 तास लागले, इतरांना अडीच तास, आणि मास्कच्या गटात मृत्यू जास्त झाले. जोखमीच्या रुग्णाला नळी काढताक्षणीच मास्क किंवा नाकातून वेगाने प्राणवायू देणे फायद्याचे ठरते, पण ती वेगळी गोष्ट.

आता ट्रॅकिओस्टोमीचा विचार येतो, म्हणजे गळ्यातून थेट श्वासनलिकेत छोटी नळी बसवण्याचा. ती लवकर करावी की थांबावे? ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2013 साली आले. पहिल्या चार दिवसांत आणि दहा दिवसांनंतर अशा दोन गटांत मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. शिवाय ‘नंतर’च्या गटातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना तिची गरजच उरली नाही. म्हणून न्यूमोनियासारख्या आजारात घाई करत नाहीत. मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली असेल, तर मात्र दीर्घ काळाचा अंदाज आधीच बांधता येतो आणि निर्णय लवकर होतो.

आपल्या रुग्णाचे फुप्फुस आणि हृदय सावरले होते, अडचण होती ती खोकल्याची, आणि त्याला आठवडे लागणार होते. चौदाव्या दिवशी ट्रॅकिओस्टोमी झाली. आता स्राव सहज काढता येतो, तोंड मोकळे असते, गुंगीचे औषध जवळजवळ लागत नाही, आणि दिवसा यंत्र काढून रात्री पुन्हा जोडणे ही नुसती जोडणी असते, शस्त्रक्रिया नव्हे. पहिल्या आठवड्यात ही नळी निसटली तर वाट पटकन बुजू शकते, म्हणून तेवढे दिवस डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. रुग्ण पहिल्या दिवशी चार तास यंत्राशिवाय राहिली, मग आठ, मग दिवसभर. आणि खोकल्याने स्राव स्वतः नळीच्या तोंडापर्यंत आणू लागली, तेव्हा नळी काढायची तारीख ठरली.