नोंद झालीच नाही की नोंद दिसत नाहीये? बँक जुळवणीत इथंच घोळ होतो

बँक जुळवणी पत्रक म्हणजे एका वहीत आहे आणि दुसरीत नाही अशा नोंदी शोधणं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पासबुकाच्या एका पानाचा फोटोच आला नसेल तर त्या पानावरच्या नोंदी "नाहीत" असं धरायचं नसतं. त्या आहेत, फक्त आपल्यासमोर नाहीत. पहिल्या प्रकारची नोंद पत्रकात कारण म्हणून लिहिता येते, दुसरीबद्दल काहीच लिहिता येत नाही, आधी ती मिळवावी लागते.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. एका हार्डवेअरच्या दुकानाचं करंट खातं, तारीख ३१ मार्च. कॅश बुकाच्या बँक रकान्यात शिल्लक ४८,२०० आणि पासबुकात ६१,४५०. शेवटच्या पानाचा फोटो आहे, त्याच्या आधीच्या म्हणजे साधारण १३ ते २२ मार्चच्या पानाचा नाही. जे दिसतंय त्यावरून तीन गोष्टी कळतात: २७ तारखेला दिलेला १५,००० चा चेक अजून वटलेला नाही, २९ ला भरलेला ५,००० चा चेक अजून जमा नाही, आणि बँकेने २३६ रुपये चार्जेस कापलेत. ४८,२०० मध्ये १५,००० मिळवा, ५,००० आणि २३६ वजा करा, येतात ५७,९६४. म्हणजे ३,४८६ अजून कमी पडतायत.

आता मोह होतो की "ग्राहकाने परस्पर बँकेत भरले ३,४८६" अशी एक ओळ टाकायची आणि पत्रक जुळवून मोकळं व्हायचं. हे अजिबात करू नका. उरलेला फरक ही नोंद नसते, ती न दिसलेल्या नोंदींची वजाबाकी असते, आणि एका आकड्यामागे कितीही नोंदी लपू शकतात.

फोटो नसला तरी हा फरक नक्की कुठला ते मात्र काढता येतं, कारण पासबुकात प्रत्येक ओळीला शिल्लक छापलेली असते. १२ मार्चपर्यंतच्या पानाच्या शेवटी ३९,९०० आहेत (कॅश बुकाशी इथवर जुळतं), आणि शेवटचं पान सुरू होतं तेव्हाची शिल्लक ५२,३००. म्हणजे हरवलेल्या पानावर निव्वळ १२,४०० वाढले. कॅश बुकात त्याच दिवसांत वाढ ८,९१४ ची. फरक बरोब्बर ३,४८६, म्हणजे सगळी भानगड त्याच पानावर आहे, बाकी जुळवणी बरोबर. पण रक्कम आणि जागा कळली तरी कारण कळत नाही, त्यासाठी तेवढ्या दिवसांचं स्टेटमेंट काढावंच लागतं. या उदाहरणात ते काढल्यावर दिसतं की ग्राहकाचे ८,००० एनईएफटीने आलेत आणि विम्याचा ४,५१४ चा हप्ता परस्पर गेलाय. मोहात पडून ३,४८६ लिहिले असते तर एक जमा आणि एक खर्च दोन्ही हिशोबातून गायब झाले असते, आणि त्या ग्राहकाकडे आपण वसुलीला फोन करत बसलो असतो!

हे तीन आकडे, म्हणजे एनईएफटी, हप्ता आणि चार्जेस, आधी कॅश बुकात चढवा, शिल्लक होते ५१,४५०. मग पत्रकात फक्त ते दोन चेक उरतात: अधिक १५,०००, वजा ५,०००, आणि ६१,४५० जुळतात.

उलटी बाजू जास्त अवघड आहे, कॅश बुकाच्याच नोंदी नसतील तर. पासबुकाचं पान बँक परत देते, कॅश बुकाचं पान कोणी देत नाही. आणि पासबुक कितीही नीट वाचलं तरी न वटलेला चेक त्यात कधीच सापडणार नाही, कारण बँकेला तो माहितच नाही. तो सापडतो फक्त चेकबुकाच्या काउंटरफॉईलवर, आणि भरलेला पण जमा न झालेला चेक सापडतो स्लिपच्या शिक्का मारलेल्या अर्ध्या भागावर. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणून काउंटरफॉईल मागे तेवढे तरी चाळा, एकेक चेक नंबर पासबुकात शोधा, जो नंबर सापडत नाही तो बाजूला लिहून ठेवा. चेक रद्द करून फाडलेला असला तर काउंटरफॉईलवर तसं लिहिलेलं असावं लागतं, नाहीतर तोही न वटलेल्यात मोजला जाईल, म्हणून चेक कोणाला दिला होता त्याला एकदा विचारूनच घ्या.

आणि कागद मिळेपर्यंत पत्रक द्यायचंच असेल, तर तो फरक "अस्पष्ट तफावत, १३ ते २२ मार्च, पासबुक पान उपलब्ध नाही" असा वेगळ्या ओळीत उघड लिहा.