कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल आणण्यापूर्वी हे वाचावे

आमच्याकडे कुरिअर बुकिंगसाठी येणाऱ्या चादर, टॉवेल आणि शेंगदाणा चटणीच्या विक्रेत्यांना आम्ही जाहिरातीचा स्क्रीनशॉट मागतो, याचा काहींना राग येतो. गिऱ्हाईक दारातून पार्सल परत पाठवते, तेव्हा बहुधा दोष जाहिरातीतल्या एका ओळीचा असतो, म्हणून आम्ही तो मागतो.

ती ओळ अशी असते : "चादर ९५० रु. कॅश ऑन डिलिव्हरी. अॅडव्हान्स २००." हे २०० रुपये ९५० मध्येच धरलेले आहेत की वरचे आहेत, हे यातून कळत नाही. मध्यंतरी एका विक्रेत्याने आगाऊ २०० घेतले आणि बुकिंगच्या वेळी वसुलीची रक्कम सवयीने ९५० सांगितली. लातूरच्या गिऱ्हाइकाने ७५० मोजून ठेवले होते. डिलिव्हरीवाल्याला कमी पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे चादर आठ दिवसांनी चुरगळून सोलापुरात परत आली. वसुलीची रक्कम विक्रेता सांगतो तीच आम्ही भरतो; मात्र जाहिरात समोर असली की चूक बुकिंगपूर्वीच दिसते.

आगाऊ रक्कम किती असावी, हेही आम्हाला नेहमी विचारले जाते. आमच्या मते जाण्यायेण्याचे भाडे निघेल एवढीच असावी. समजा, जाण्याचे ९० आणि परतीचे ८० रुपये लागतात; पार्सल नाकारले गेल्यास १७० रुपये विक्रेत्याच्या खिशातून जातात. अशा वेळी २०० पुरतात. ५०० मागितले तर नवे गिऱ्हाईक बिचकते.

जाहिरातीत पुढीलप्रमाणे लिहावे :

"किंमत ९५० रुपये, कुरिअर खर्चासह. त्यापैकी २०० आगाऊ, उरलेले ७५० पार्सल घेताना. पार्सल रवाना होण्यापूर्वी ऑर्डर रद्द केल्यास २०० पूर्ण परत. रवाना झाल्यावर कारण नसताना नाकारल्यास परत मिळणार नाहीत. माल सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा निघाल्यास दोन दिवसांत फोटो पाठवावा. परतीचा खर्च आम्ही करू आणि पूर्ण रक्कम यूपीआयने देऊ."

यूपीआयचा उल्लेख गाळू नये, कारण रोख दिलेल्या पैशांचा परतावा कोणत्या खात्यात करायचा, हा प्रश्न नंतर वादाचा होतो. रंग आवडला नाही म्हणून माल परत घ्यायचा की नाही, हे विक्रेत्याने ठरवावे आणि तेही लिहावे. परंतु "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही दुकानातली पाटी इथे चालत नाही : ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि परतीचा खर्च कोणाचा हेही आधी सांगावे लागते.

पहिल्या बुकिंगसोबत जाहिरातीचा मजकूर आणल्यास आम्ही तो विनामूल्य तपासून देतो. दुपारी चारनंतर पार्सलांची गर्दी असते, म्हणून सकाळी यावे.